पाइप कापताना दाते कशाने मोजायचे: फिटरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून फिटर ट्रेड करून मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका लहान वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी अर्धा इंची जीआय पाइपचे बारा तुकडे कापायला दिले. हॅक्सॉला 18 दात्यांचं ब्लेड लावलेलं होतं, मी तेच वापरलं. दुसरा तुकडा निम्मा कापला असेल, तेवढ्यात ब्लेड खटकन अडकलं. ओढून काढलं तर मधले सात-आठ दाते गेलेले.

मिस्त्रींनी ब्लेड हातात घेतलं आणि विचारलं, “काहून रे पोट्ट्या, हा पाइप किती जाड आहे?” मी म्हणालो, “अर्धा इंच.” ते म्हणाले, “जाडी विचारली मी, साइज नाही.” मग त्यांनी तुकड्याच्या तोंडाला व्हर्नियर लावून दाखवलं. भिंत 2.6 मिलिमीटर भरली. ब्लेड निवडायचं ते या आकड्यावर.

नियम एवढाच की कापताना धातूत एका वेळी निदान तीन दाते हवेत. ब्लेडवर 14, 18, 24 किंवा 32 असा आकडा छापलेला असतो. एका इंचात म्हणजे 25.4 मिलिमीटरमध्ये किती दाते, ते तो सांगतो. छाप पुसला असेल तर स्केल लावून एका इंचातले दाते मोजावेत. 18 च्या ब्लेडमध्ये दोन दात्यांतलं अंतर साधारण 1.4 मिलिमीटर, म्हणजे 2.6 च्या भिंतीत दोन दातेसुद्धा पूर्ण बसत नाहीत. भिंत दोन दात्यांच्या मधल्या खाचेत शिरते, पुढचा दाता तिच्यावर सरळ आपटतो आणि तुटतो. तो गेला की त्याच्या वाट्याचा मार मागच्या दात्यावर येतो. म्हणून दाते एकेक न जाता ओळीने जातात.

24 च्या ब्लेडमध्ये अंतर साधारण 1.06 मिलिमीटर, तिथे अडीच दाते बसतात. हलक्या हाताने काम होतं, पण काठावरचं. 32 मध्ये अंतर 0.8 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तीनपेक्षा थोडे जास्त. माझे उरलेले तुकडे 32 नेच निघाले.

माझं ब्लेड सुरुवातीलाच का तुटलं नाही, हेही समजून घ्या. पाइपच्या माथ्यावर ब्लेड टेकतं तेव्हा गोलाईमुळे बराच लांब भाग धातूत असतो. आरपार गेल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंती उरतात, आणि पाइपच्या मध्यावर प्रत्येक भिंतीत फक्त तिच्या जाडीएवढाच भाग राहतो. दाते तिथेच जातात. म्हणून भिंत आरपार झाली की थांबून पाइप वाइसमध्ये थोडा पुढच्या बाजूला फिरवायचा आणि तसंच भोवताली कापत जायचं. वेळ जास्त लागतो, पण मध्यावरची ती अवघड जागा येतच नाही. दाते अडकायला लागले तर आधी खट-खट आवाज येतो आणि हाताला झटके बसतात. तिथेच थांबा, जोर लावू नका.

पत्र्याचं गणित आणखी कडक आहे. 18 गेजचा पत्रा 1.2 मिलिमीटर, त्यात 32 चं ब्लेडसुद्धा दीडच दाता बसवतं. याहून बारीक ब्लेड साध्या दुकानात मिळत नाही, तेव्हा ब्लेडचा कोन बदलायचा. पत्र्याशी 30 अंशांवर तिरकं धरलं की कापाची लांबी दुप्पट, 2.4 मिलिमीटर होते आणि तीन दाते बसतात. पत्रा थरथरत असेल तर दोन लाकडी फळ्यांत दाबून फळ्यांसकट कापा. मला हा मार्ग जास्त आवडतो, कापही सरळ येतो.

भरीव रॉडला मात्र उलट अडचण. 25 मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलच्या रॉडवर 32 चं ब्लेड चालवलं तर एकतीस दाते एकदम टेकतात. तुमचा जोर एवढ्या दात्यांत वाटला जातो, एकही नीट रुतत नाही, आणि बारीक खाचा किसाने भरून जातात. ब्लेड तापतं, घसरतं, कीस पिठासारखा पडतो. 14 च्या ब्लेडने तोच रॉड भराभर कापला जातो आणि कीस जाडसर निघतो. फक्त गोल माथ्यावर सुरुवातीला ब्लेड सरकतं, म्हणून त्रिकोणी कानशीने आधी छोटी खाच पाडून घ्या.

ब्लेड अर्ध्यावर बदलावं लागलं तर नवीन ब्लेड जुन्या कापात घालू नका. झिजलेल्या दात्यांची फाक कमी झालेली असते, त्यामुळे जुना काप अरुंद असतो आणि नवीन ब्लेड त्यात आवळून तुटतं. रॉड किंवा पाइप फिरवून दुसऱ्या बाजूने सुरू करा.