आरोग्य विम्याच्या क्लेमचे पैसे कमी आले? सेटलमेंट लेटर वाचताना या चुका टाळा

बहुतेक जण पत्रात फक्त मंजूर रक्कम बघतात आणि वाटतं, खोलीभाडं जास्त झालं तेवढंच कापलं असेल. मोठी कपात मात्र बहुधा दुसऱ्याच ओळीत असते. तिथे ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’, म्हणजे प्रमाणशीर कपात, असा शेरा असतो.

समजा, विमा पाच लाखांचा आहे आणि रूम रेंटची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. रुग्ण ८,००० च्या खोलीत चार दिवस राहिला. बिल असं: खोली ३२,०००, सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर मिळून ८०,०००, औषधं ३०,०००, तपासण्या १५,००० आणि डायपर, टूथपेस्टसारख्या विम्यात न बसणाऱ्या वस्तू ३,०००. एकूण १,६०,०००.

पाच हजारांना आठ हजारांनी भागलं की ६२.५ टक्के येतात. खोलीचे २०,००० मिळतात. महागड्या खोलीत डॉक्टरांची फीही चढी लागते, म्हणून ८०,००० वरही हेच प्रमाण लागून ५०,००० उरतात. म्हणजे खोलीत १२,००० गेले, पण फीमध्ये ३०,००० गेले. औषधं आणि तपासण्यांचे ४५,००० पूर्ण धरले, तर देय रक्कम १,१५,००० होते.

इथेच पत्र नीट तपासा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२० च्या नियमांनुसार औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. पत्रात ९८,१२५ मंजूर दिसले, तर विम्यात न बसणाऱ्या वस्तू वगळून उरलेल्या सगळ्या १,५७,००० वर ६२.५ टक्के लावले आहेत, हे ओळखा. तुमचे १६,८७५ रुपये चुकीने कापले गेलेत.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. रुग्णालयात सर्व खोल्यांना डॉक्टरांचे आणि ऑपरेशनचे दर सारखेच असतील, तर ही प्रमाणशीर कपातच लागू होत नाही. रुग्णालयाकडून तसं लेखी पत्र किंवा दरपत्रक घ्या. मग वरच्या उदाहरणात ते ३०,००० सुद्धा परत मागता येतात.

को-पे, म्हणजे क्लेममधला तुम्ही भरायचा ठरलेला वाटा, असेल तर तो कशावर काढला तेही बघा. १० टक्के को-पे देय ठरलेल्या १,१५,००० वर, म्हणजे ११,५०० हवा. पूर्ण बिलावर १६,००० कापले असतील, तर कोणत्या कलमाखाली ते विचारा.

‘नॉन-पेएबल’ एवढ्याच शेऱ्यावर गप्प बसू नका. कंपनीकडे किंवा तिच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएकडे प्रत्येक ओळीची मागितलेली रक्कम, कापलेली रक्कम आणि पॉलिसीचं कलम असा तक्ता ईमेलवर मागा. ‘पैसे कमी मिळाले’ एवढं लिहून भागत नाही. ‘तपासण्यांच्या १५,००० वर ५,६२५ ची प्रमाणशीर कपात चुकीची आहे’ असं लिहा. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि बिमा भरोसा पोर्टलवर जा, त्यानंतर विमा लोकपालाकडे. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत.