डक्टचा स्टॅटिक प्रेशर काढताना या चुका टाळा

पहिल्या ब्रांचचा डॅम्पर जवळजवळ बंद करूनही ग्रिल शिट्टी वाजवते आणि शेवटच्या खोलीत हवाच पोचत नाही, अशी तक्रार आली की मी आधी डिझाइनची शीट मागवतो. बहुतेक वेळा डक्ट इक्वल फ्रिक्शनने काढलेला असतो आणि 'मीटरमागे घर्षण सारखं, म्हणजे सगळ्या ब्रांचना दाब सारखा' असं धरलेलं असतं. हीच मूळ चूक. घर्षणाचा दर सारखा ठेवला, तरी अंतर वाढेल तसा दाब घटतच जातो.

एक उदाहरण घेऊ. गोल मेन डक्टमध्ये सेकंदाला २ घनमीटर हवा १० मीटर प्रति सेकंद वेगाने येते. पहिली ब्रांच ०.५ घनमीटर घेते, पुढच्या १२ मीटरमध्ये १.५ उरते. वेगाचा दाब साधारण ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे इथे ६० पास्कल.

घर्षणाचा दर आधीचाच (मीटरमागे सुमारे १.९ पास्कल) ठेवला, तर पुढचा डक्ट साधारण ४५ सेंटीमीटर व्यासाचा येतो आणि वेग ९.३ राहतो. घर्षणात २३ पास्कल जातात. वेग थोडा उतरल्यामुळे ६ परत मिळतात. दुसऱ्या ब्रांचपाशी दाब १७ ने कमी.

आता तोच डक्ट ४९ सेंटीमीटरचा करा. वेग ८ वर येतो, वेगाचा दाब ३८.५ होतो. फरक २१.५, त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश, म्हणजे १६ पास्कल, स्टॅटिकमध्ये परततात. घर्षणही सुमारे १६ च खातं. दोन्ही ब्रांचना दाब सारखा. यालाच स्टॅटिक रिगेन म्हणतात.

इथेच दुसरी चूक होते: पूर्ण २१.५ परत धरले जातात. कागदावर ६ पास्कल शिल्लक दिसतात, प्रत्यक्षात ती नसतात. ब्रांचचा फाटा किती सुबक आहे यावर हे प्रमाण ठरतं, आणि वाईट फाट्यात ते आणखी घसरतं.

तिसरी चूक बारीक आहे, पण मला ती सर्वांत जास्त सापडते. ४९ सेंटीमीटरच्या जागी ५०० बाय ४०० मिलिमीटरचा चौकोनी डक्ट घेतला, तर घर्षण तेवढंच राहतं, पण क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर असल्याने वेग ७.५ होतो. वेगाचा दाब ३४ पास्कलच्या आसपास येतो. म्हणून घर्षण समतुल्य व्यासावरून काढा, रिगेन मात्र खऱ्या क्षेत्रफळावरून, आणि तेही फाट्याच्या दोन्ही बाजूंना.

रिटर्न डक्टला रिगेन लावू नका. तिथे फॅनकडे जाताना हवा वाढत जाते, वेग सहसा उतरत नाही. तिथे इक्वल फ्रिक्शनच बरं.

तपासताना मॅनोमीटरची नळी फाट्याला चिकटून लावू नका. तिथे हवा घुसळलेली असते. सरळ भागात, भोकाची आतली कड घासून गुळगुळीत करून लावा आणि दोन्ही ब्रांचच्या आधीचे आकडे शेजारी लिहा. इक्वल फ्रिक्शनने काढलेल्या या डक्टमध्ये फरक १७ च्या आसपास आला, तर डक्ट वरच्या आकड्यांप्रमाणेच चालतोय. चुकीचा होता तो 'सगळ्या ब्रांचना दाब सारखा' हा हिशोब.