आजीची साखर अचानक २८६ कशी झाली?

आजीला मधुमेह निघाला, तेव्हापासून सकाळी उपाशीपोटी साखर मी तिच्याकडून तपासून घेते. रोज १३०-१४० च्या आसपास येते. परवा ग्लुकोमीटरने एकदम २८६ दाखवले. आजी घाबरलीच. "मी तर चहाही घेतला नाही वं अजून!"

मशीन बिघडलं असेल म्हणून मी पट्टीची तारीख पाहिली, ती ठीक होती. मग तिचा हात हातात घेतला तर संत्र्याचा वास! आजोबांसाठी नुकतीच संत्री सोलली होती तिने. नागपुरात हिवाळ्यात हे रोजचंच. बोटावरची फळाची साखर रक्ताच्या थेंबात मिसळली की आकडा खोटाच वाढतो, आणि थेंब तर एवढासा असतो.

स्पिरिटच्या बोळ्याने ती साखर नीट जात नाही. म्हणून साबणाने, कोमट पाण्याने हात धुवायला लावले, कोरडे पुसले (ओलं बोट असेल तर थेंब पातळ होतो), नवी पट्टी लावली आणि दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचलं. १३४ आले.

तिने वहीत २८६ वर काट मारली आणि पुढे लिहिलं, "संत्रं".