टीमचे अपडेट प्रोजेक्टनुसार कसे लावले

शुक्रवारी ग्रुपवर सगळ्यांचे पॉइंट्स यायचे ते माणसानुसार आणि मॅनेजरला रिपोर्ट हवा प्रोजेक्टनुसार. आता मी प्रत्येक पॉइंट शीटमध्ये वेगळ्या ओळीत टाकते, शेजारी प्रोजेक्ट, काम आणि नाव, मग आधी प्रोजेक्टवर, नंतर कामावर सॉर्ट केलं की एकाच कामाच्या ओळी एकाखाली एक येतात. खरी मेहनत त्या ओळी जोडण्यात आहे. डेव्हलपर लिहितो "पेमेंट पेज झालं", टेस्टर लिहिते "रिफंड अडकतोय", दोन्ही तसंच चिकटवलं तर वाचणारा गोंधळतो, म्हणून दोघांना विचारून एकच वाक्य करते: "पेमेंट पेज तयार, टेस्टिंगमध्ये रिफंड अडकतोय, दुरुस्ती सोमवारी." नुसतं "बग फिक्स केले" आलं तर कुठल्या प्रोजेक्टचे ते विचारतेच, अंदाजाने कुठेही टाकत नाही.