भलरीच्या चालीवर जोतिबाचं पद: ठेका सटकत होता, तो असा बसला

कापणी करताना आमच्याकडं "भलरी दादा" हे गाणं म्हणतात. त्याच चालीवर चैत्र यात्रेसाठी पद बांधलं, पण मंडळी गायला लागली की टाळ पुढं आणि शब्द मागं. आधी लय कमी केली, तर चाल मेली. मग ढोलकीवाला बदलला, फरक शून्य. तीन आठवडे डोकं फुटायची वेळ आली.

चूक माझ्या मोजणीत होती. मी अक्षरं मोजत होतो. "भलरी दादा" पाच अक्षरं, "जोतिबा देवा" पण पाच. पण मात्रा मोजल्या (ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन), तर पहिल्याच्या आठ आणि दुसऱ्याच्या नऊ! विळ्याचा हिसका पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतो. माझ्या ओळीत पाचवी मात्रा "बा"च्या मध्यात सापडायची.

मग आधी मूळ गाणं शब्दांशिवाय नुसतं "ना ना" करत, हाताने कापणीचा झोक देत म्हटलं. हिसक्याच्या जागा वहीत खुणावल्या. मग त्या जागी "चांगभलं हो" ठेवलं: चां-ग-भ-लं-हो, मात्रा आठ, आणि हिसका बरोबर "लं"वर. कडव्याच्या ओळीही याच पद्धतीनं बसवल्या. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं, ही रीत तशीच ठेवली.

चाल शिकवणाऱ्या आत्याला आधी विचारलं. तिची एकच अट होती: भलरीतल्या थट्टेच्या ओळींतला एकही शब्द देवाच्या पदात नको. तशी एक ओळ राहिली होती, ती काढली.