कस्टमरचे पैसे कटले पण ऑर्डर पेंडिंगच? या चुका टाळा

सांगली-तासगाव भागात आता बेदाणा, हळद स्वतःच्या वेबसाइटवरनं विकणारे बरेच जण झालेत, आणि त्यांच्याकडनं एकच तक्रार सारखी ऐकायला मिळते: कस्टमरचा फोन येतो की पैसे गेले, आणि इकडं आपल्या साइटवर ऑर्डर पेंडिंग दिसते. मग कुणी म्हणतं बँकेचा सर्व्हर डाऊन असंल, कुणी म्हणतं पेमेंट गेटवेनं पैसे खाल्ले. बऱ्याचदा दोन्ही नसतं, पैसे बरोबर जागी पोचलेले असतात, फक्त ते पोचल्याचा निरोप आपल्या साइटला मिळालेला नसतो.

एक उदाहरण धरून बघू. तासगावचं दुकान, पुण्यातल्या एका ताईंनी मोबाईलवरनं दोन किलो बेदाणा मागवला, ९०० रुपये माल आणि ८० कुरिअर, एकूण ९८०. रात्री ८:४० ला त्यांनी पे दाबलं. त्या क्षणी पैसे हलत नाहीत, आधी आपल्या साइटचा सर्व्हर गेटवेकडं एक ऑर्डर तयार करतो. बरेच गेटवे रक्कम पैशात मागतात, म्हणजे ९८० नाही तर ९८०००, आणि स्वतः कोड लिहिणारे इथं चुकले तर कस्टमरला ९ रुपये ८० पैशांचं बिल दिसतं. मग पेमेंटची खिडकी उघडते, ताई यूपीआय निवडतात, फोन त्यांना यूपीआय ॲपमध्ये नेतो, त्या पिन टाकतात. आता ती रिक्वेस्ट ॲपच्या बँकेकडनं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडं जाते, तिथनं ताईंच्या बँकेकडं, ती बँक ९८० कापते, मग गेटवेच्या बँकेकडं जमा होतात आणि यश मिळाल्याचं उत्तर माघारी येतं. ८:४१ ला ॲपवर हिरवी टिक.

आता इथनं पुढं निरोप आपल्या साइटपर्यंत यायला दोन वाटा आहेत. एक वाट ताईंच्या ब्राउझरमधनं: त्या ॲपमधनं साइटवर परत येतात, पेज उघडतं, पेमेंट आयडी आणि तो खरा असल्याची गेटवेची डिजिटल सही आपल्या सर्व्हरकडं जाते. दुसरी वाट गेटवेच्या सर्व्हरकडनं थेट आपल्या सर्व्हरकडं, तिला वेबहूक म्हणतात, ती कस्टमरच्या फोनवर अवलंबून नसते.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ही की साइट फक्त पहिल्या वाटेवर चालवायची. हिरवी टिक दिसली की कस्टमरच्या दृष्टीनं काम झालं! ताईंनी ॲप बंद करून टाकलं, किंवा मधेच फोन आला, किंवा रेंज गेली, आणि ब्राउझर परत उघडलाच नाही. पैसे गेटवेकडं पोचलेत, पण आपल्या साइटला कुणी सांगितलंच नाही. वूकॉमर्सवाल्यांना पुढं अजून एक झटका बसतो, कारण स्टॉक मॅनेजमेंट चालू असंल तर `Hold stock (minutes)` नावाची सेटिंग असते, मुळात ६० मिनिटांवर, आणि तेवढ्या वेळात पेमेंटचा निरोप आला नाही की साधारण पावणेदहाच्या आसपास साइट ती ऑर्डर स्वतःच कॅन्सल करते. म्हणजे पैसे आलेत, ऑर्डर कॅन्सल, बेदाणा परत स्टॉकमध्ये, आणि ताईंना कॅन्सलचं कळल्यावर त्या घाबरून फोन करणारच ना.

त्यामुळं वेबहूक चालू करा, हे ऐच्छिक समजू नका. पण चालू केलं म्हणजे चालतंय असंही नाही. गेटवेच्या डॅशबोर्डवर टेस्ट आणि लाइव्ह असे दोन भाग असतात आणि वेबहूक दोन्हीकडं वेगवेगळं टाकावं लागतं, बऱ्याच जणांनी टेस्टमध्ये टाकून सोडून दिलेलं असतं. तिथं वेबहूक डिलिव्हरीचा लॉग असंल तर उघडा, तिथं आपल्या सर्व्हरनं काय उत्तर दिलं ते आकड्यात दिसतं. 200 म्हणजे पोचलं. 301 म्हणजे पत्ता थोडा चुकलाय, www शिवाय टाकलाय किंवा https च्या जागी http. 403 आला तर बहुतेक सिक्युरिटी प्लगइन किंवा होस्टिंगचं फायरवॉल गेटवेला बाहेरचा बॉट समजून अडवतंय. 200 असूनही ऑर्डर हलत नसंल तर गेटवे आणि प्लगइन दोन्हीकडं टाकलेलं वेबहूकचं सीक्रेट तपासा, कॉपी करताना शेवटी एखादी स्पेस आली तरी सही जुळत नाही आणि प्लगइन तो निरोप गुपचूप टाकून देऊ शकतं.

टाइमआउट दिसत असंल तर साइट उत्तर द्यायच्या आधी भलतीच कामं करत बसलीय, एसएमएस पाठव, इनव्हॉइस बनव, कुरिअरला कळव. आधी निरोप नोंदवून 200 द्यायचं, बाकीचं नंतर. नाहीतर गेटवे समजतो पोचलं नाही आणि तोच निरोप परत पाठवतो, आणि तुमच्या कोडनं तो नवीन समजला तर स्टॉक दोनदा कमी होतो, पॅकिंगवाल्याला दोन स्लिपा जातात. पेमेंट आयडी आधी नोंदलाय का ते बघूनच पुढं जायचं, एवढं पुरतं.

आता फोन आल्यावर काय करायचं. स्क्रीनशॉट बघून माल पाठवू नका, आणि "परत एकदा पे करा" असं तर अजिबातच सांगू नका. ताईंकडनं यूपीआयचा १२ आकडी यूटीआर नंबर घ्या, गेटवेच्या डॅशबोर्डवर शोधा आणि तिथलं स्टेटस वाचा. `captured` असंल तर पैसे तुमचेच, ऑर्डर हातानं `Processing` करा, स्टॉक तपासा, माल पाठवा. `authorized` असंल तर पेमेंट मंजूर झालंय पण तुम्ही ते अजून घेतलेलं नाही, ठरलेल्या मुदतीत कॅप्चर केलं नाही तर ते कस्टमरकडं परत जातं. ऑटो कॅप्चर चालू आहे का बघा.

`failed` दिसतंय आणि ताईंच्या खात्यातनं कटलेत, तर पैसे बँकांच्या मधे कुठंतरी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यापाऱ्याला कन्फर्मेशन मिळालं नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसात रक्कम आपोआप खात्यात परत यायला पाहिजे, त्यापुढं दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे ताईंना नीट सांगा. वाईट वाटतं म्हणून स्वतःच्या फोनवरनं ९८० पाठवू नका, कारण नंतर बँकेकडनंही परत गेले तर ताईंना दोनदा मिळाले आणि तुमचे ९८० गेले. पेमेंट `captured` असून माल द्यायचा नसंल तरी रिफंड गेटवेमधनंच करा, म्हणजे त्याच पेमेंटला तो जोडलेला राहतो आणि पुढं वाद झाला तर दाखवता येतो.

अजून एक गोंधळ, `captured` दिसलं म्हणजे पैसे लगेच आपल्या बँक खात्यात असं नाही. ते गेटवेकडं असतात, सेटलमेंट सहसा दोन-तीन कामाच्या दिवसांनी येते, फी आणि त्यावरचा जीएसटी कापून. त्यामुळं बँकेचा मेसेज नाही आला म्हणून माल अडवून धरू नका.

सगळं सेट केल्यावर खरी तपासणी अशी करा: साइटवर १ रुपयाचं एक लपवलेलं प्रॉडक्ट टाका, लाइव्हमध्ये मोबाईलवरनं यूपीआयनं पे करा, आणि हिरवी टिक दिसली की साइटवर परत न जाता ब्राउझर पूर्ण बंद करा. दोन-चार मिनिटांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं ॲडमिन उघडून बघा, ऑर्डर `Processing` झाली असंल तर वेबहूक काम करतंय, अजून `Pending payment` असंल तर परत डिलिव्हरी लॉगवर जा.