बँका कर्ज देऊन पैसा कसा तयार करतात: हिशोब मांडताना या चुका टाळा

पुस्तकातली गोष्ट सगळ्यांना पाठ असते. कुणीतरी १०० ठेवतो, बँक १० बाजूला ठेवून ९० कर्ज देते, ते ९० दुसऱ्या बँकेत जातात, तिथून ८१ आणि असं करत करत १०० चे १००० होतात. परीक्षेत मार्क मिळतात, पण याच गोष्टीवरून खरी बँक समजून घ्यायला गेलं की हिशोब कुठेतरी अडतोच. का अडतो ते एकाच कर्जाच्या नोंदी शेवटपर्यंत लावून बघू.

पहिली चूक: बँक दुसऱ्याची ठेव उचलून कर्ज देते असं धरणं

समजा बँक अ ची बॅलन्स शीट अशी आहे (आकडे कोटीत, चलन कुठलंही धरा): मध्यवर्ती बँकेतल्या स्वतःच्या खात्यात ठेवलेला पैसा, म्हणजे रिझर्व्ह ८, दिलेली कर्जं १०४. समोर ठेवी १०० आणि स्वतःचं भांडवल १२. दोन्ही बाजू ११२. रिझर्व्हचा नियम ५ टक्के, म्हणजे १०० ठेवींवर ५ लागतात आणि ३ जादा आहेत.

आता बँक १० चं कर्ज मंजूर करते. नोंदी फक्त दोन होतात: कर्जं १०४ ची ११४, आणि कर्जदाराच्या खात्यात १० जमा, म्हणजे ठेवी १०० च्या ११०. दोन्ही बाजू १२२. कुठल्याही जुन्या ठेवीदाराच्या खात्यातून एक पैसाही कमी झालेला नाही आणि रिझर्व्हसुद्धा ८ चे ८ आहेत. हे १० नवे आहेत, त्या नोंदीनेच जन्माला आले. तुमच्या मांडणीत कर्ज देताच रिझर्व्ह कमी झाले असतील किंवा कुणाची जुनी ठेव घटली असेल, तर चूक तिथेच आहे, पुढे जाऊ नका.

आणि हो, पुस्तकातल्या नियमाने जादा रिझर्व्ह ३ म्हणजे कर्जही जास्तीत जास्त ३. इथे दिलं १०. मग नियम मोडला का? नाही, ११० ठेवींवर ५.५ लागतात, आहेत ८.

दुसरी चूक: मग बँकेला मर्यादाच नाही असं म्हणणं

ही पहिलीच्या उलट बाजूची चूक, आणि सोशल मीडियावर हीच जास्त दिसते, "बँका हवेतून पैसा काढतात" वगैरे. हवेतून काढतात हे अर्धं खरं आहे, पण कर्ज घेणारा पैसे खात्यात ठेवून बघत बसायला घेत नाही ना, तो लगेच कुणाला तरी देतो. समजा ज्याला द्यायचेत त्याचं खातं बँक ब मध्ये आहे. बँक ब, बँक अ ने तयार केलेली ठेव मान्य करत नाही, तिला मध्यवर्ती बँकेतले रिझर्व्ह हवेत. म्हणजे अ च्या ठेवी ११० वरून परत १०० आणि रिझर्व्ह ८ मधून १० जाणार, म्हणजे उणे २! असं चालत नाही. नियमाप्रमाणे ५ हवेत, म्हणून खड्डा ७ चा.

हे ७ ती दुसऱ्या बँकांकडून एका रात्रीसाठी उसने घेते. कुणाकडून? बहुतेक वेळा ब सारख्याच बँकेकडून, कारण ब कडे १० रिझर्व्ह आलेत आणि नव्या १० ठेवींवर तिला फक्त ०.५ ठेवायचेत, उरलेले ९.५ मोकळे आहेत. उसने घेतल्यावर अ ची शीट अशी: रिझर्व्ह ५, कर्जं ११४, समोर ठेवी १००, उसने ७, भांडवल १२. बेरीज ११९ आणि ११९, जुळलं.

बँकेला खरा चटका इथे बसतो. उसन्यावर व्याज आहे, ते रोज द्यायचंय आणि दर उद्या वाढू शकतो. कर्जातून मिळणारं व्याज या खर्चापेक्षा, बुडीत धरून, जास्त असेल तरच हे कर्ज परवडतं. म्हणून बँका ठेवी गोळा करायला धडपडतात, कर्ज देण्याआधी पैसे हवेत म्हणून नाही तर कर्ज दिल्यावर निघून जाणारे रिझर्व्ह स्वस्तात भरून काढायला.

दुसरा अडथळा भांडवलाचा, जो रिझर्व्हच्या चर्चेत लोक विसरतात. बासेल ३ या बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत जोखमीने वजन लावलेल्या मालमत्तेवर ८ टक्के भांडवल आणि वर अडचणीसाठी राखलेला २.५ टक्के बफर, एकूण १०.५. सगळ्या कर्जांचं वजन १०० टक्के धरलं तर आधी १२ भागिले १०४ म्हणजे साधारण ११.५ टक्के होते, आता १२ भागिले ११४ म्हणजे साधारण १०.५३. झालं, बफर खाल्ल्याशिवाय पुढचं मोठं कर्ज नाही, रिझर्व्ह कितीही पडून असले तरी!

तिसरी चूक: रिझर्व्हचं प्रमाण उलटं करून पैसा काढणं

५ टक्के म्हणजे १ भागिले ०.०५, म्हणून २० पट, हा गुणकाचा हिशोब. वरच्या उदाहरणात सगळ्या बँका मिळून बघा, पेमेंट झालं तरी रिझर्व्ह एका बँकेतून दुसरीत गेले, एकूण तेवढेच राहिले. वाढलं काय तर लागणारे रिझर्व्ह, तेही फक्त ०.५ ने. आता सगळ्या सिस्टिममध्ये जादा काहीच नसेल तर हे ०.५ कुठून येणार? मध्यवर्ती बँकेकडून. तिने एका रात्रीच्या व्याजाचा दर ठरवलेला असतो, तुटवडा पडला की तो दर वर सरकतो, आणि दर जागेवर ठेवायचा असेल तर रिझर्व्ह पुरवावेच लागतात. म्हणजे बऱ्याचदा आधी कर्ज, मग रिझर्व्ह. हिशोबही त्याच क्षणी होत नाही, बऱ्याच ठिकाणी आधीच्या काळातल्या ठेवींवर आकडा ठरतो आणि पुढच्या काही आठवड्यांच्या सरासरीने तो पाळायचा असतो, त्यामुळे बँकेला जमवाजमव करायला वेळ मिळतो.

गुणकाची सरळ परीक्षा घ्यायची तर अमेरिका बघा. २००८ नंतर तिथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने बाँड विकत घेऊन रिझर्व्ह प्रचंड वाढवले, २०१४ पर्यंत बेस मनी, म्हणजे नोटा आणि रिझर्व्ह मिळून, चौपटीच्या वर गेला, पण लोकांच्या हातातला आणि खात्यातला पैसा त्या प्रमाणात वाढला नाही, साधारण ५० टक्क्यांनीच वाढला. मार्च २०२० मध्ये तर फेडने रिझर्व्हची सक्ती ० टक्के केली. सूत्रात शून्य घाला, उत्तर अनंत येतं. कर्जं अनंत झाली नाहीत, कारण परवडणं, भांडवल आणि कर्ज मागणारा चांगला माणूस हे तीनही अडथळे जागेवरच होते. कॅनडाने ही सक्ती १९९० च्या दशकातच काढून टाकली, तिथेही बँका चालूच आहेत.

म्हणजे प्रमाण बिनकामाचं का? नाही. ते ५ वरून १० केलं तर आपल्या बँक अ ला १०० ठेवींवर ५ ऐवजी १० अडकवून ठेवावे लागतील, त्यावर व्याज मिळत नसेल किंवा कमी मिळत असेल तर तो थेट खर्च, आणि बँक तो कर्जाच्या व्याजात टाकते. म्हणून त्याला भिंत समजू नका, टॅक्स समजा.

शेवटची, छोटी चूक: परतफेड विसरणं

कर्जदाराने १० फेडले की त्याच्या खात्यातून १० कमी आणि कर्जातूनही १० कमी. ते १० कुठल्या तिजोरीत जात नाहीत, ते नाहीसे होतात. व्याजाचं तसं नाही, ते बँकेचं उत्पन्न होतं आणि पगार, लाभांश, खर्च यातून लोकांच्या खात्यात परत येतं, उरलेलं भांडवलात जमा होतं. त्यामुळे वर्षभरात किती नवी कर्जं वाटली एवढ्यावरून पैसा किती वाढला हे कळत नाही, त्यातून फेडलेली वजा करा मगच आकडा लागेल.